पाच सोडायचेच आहेत

ताटात काही टाकायचं नाही आणि पेपरात काही सोडायचं नाही, या दोन शिस्तींवर माझं बालपण पोसलं गेलं. पहिलीमुळे माझं पोट वाढलं. दुसरीमुळे काय वाढलं होतं, ते लेकीच्या बँकेच्या परीक्षेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आमच्या वेळी पेपर तीन तासांचा असे आणि शाळेतले सर निघताना एकच मंत्र देत, "कोरं काही ठेवून येऊ नका. काहीतरी लिहा. तपासणारा माणूसच असतो, त्याला दया येते." या दयेवर मी भूमिती पार केली आहे. पहिल्या तासात पुरवणी मागणारा मुलगा हुशार समजला जाई. शेवटच्या घंटेला पर्यवेक्षक उत्तरपत्रिका ओढत असताना तिला दोऱ्याची गाठ मारता मारता आणखी दीड ओळ लिहिणारा मुलगा चिवट समजला जाई. मी चिवट होतो. प्रश्न सोडणं म्हणजे रण सोडणं, आणि वेळ ही पर्यवेक्षकाची अडचण, माझी नव्हे, अशी माझी समजूत होती.

आमची कन्या आयबीपीएसच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेला बसायचं म्हणाली, तेव्हा मी याच अनुभवाच्या जोरावर मार्गदर्शनाला सरसावलो. तिने मला परीक्षेचा नमुना सांगितला. शंभर प्रश्न, साठ मिनिटं. इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५, तर्कक्षमतेचे ३५, आणि प्रत्येक भागाला वीस मिनिटं. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्या भागाला लावता येत नाही. वीस मिनिटं संपली की संगणक आपणहून तो भाग बंद करतो आणि पुढचा उघडतो.

"आणि दोऱ्याची गाठ?" मी विचारलं.

"दोराच नाही, बाबा."

मी बाराशे सेकंदांना पस्तीसने भागलं. उत्तर चौतीस आलं. वरचा अपूर्णांक मी तिला मोठ्या मनाने माफ केला. चौतीस सेकंदांत मला चष्मासुद्धा सापडत नाही, आणि त्या वेळात ही मुलगी प्रश्न वाचणार, समजून घेणार, सोडवणार आणि पाच पर्यायांतून एक निवडणार. पण हिशेब एकदा हाती आला की मराठी बापाला गप्प बसवत नाही. संध्याकाळी ती सरावाला बसली तेव्हा मी मोबाईलवरचं स्टॉपवॉच घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि दर चौतीस सेकंदांनी "झाले!" असं म्हणू लागलो. चौथ्या "झाले!"नंतर मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं.

"अहो, चौतीस ही सरासरी आहे," ती नंतर म्हणाली. "काही प्रश्न दहा सेकंदांचे असतात. काही सेट चार मिनिटांचे असतात, पण त्यात पाच प्रश्न असतात. एकेका प्रश्नाची सेकंदं मोजत बसलं तर मोजण्यातच पाच-सात सेकंद जातात. घड्याळ बघायचं ते एक गठ्ठा संपल्यावर."

"मग चौतीसचा उपयोग काय?"

"काही नाही. तुम्ही भागाकार केलात म्हणून मी काही बोलले नाही."

यावर मी परीक्षापद्धतीतले दोष या विषयावर थोडं बोललो. ती शांतपणे उठली, मला तिच्या खुर्चीत बसवलं, तर्कक्षमतेची सराव परीक्षा उघडून दिली आणि म्हणाली, "वीसच मिनिटं आहेत. बघा तरी." प्रश्न मराठीतून दिसत होते, त्यामुळे भाषेचं निमित्तही उरलं नव्हतं.

पहिल्याच पानावर ती आठ माणसं भेटली.

या परीक्षा देणाऱ्या घरांत ही माणसं आता नातेवाइकांसारखी ओळखीची झाली आहेत. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि एच. कधी ती गोल टेबलाभोवती बसतात, कधी रांगेत, कधी आठ मजल्यांच्या इमारतीत राहायला जातात. कुणी कुणाशी बोलत नाही, चहाही मागवत नाही, आणि कोण कुठे बसलंय हे सरळ सांगायला एकही तयार नसतो. माझ्या वाट्याला आलेला मजकूर असा होता: आठ जण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. जी हा एच्या शेजारी नाही. एफ हा जीच्या शेजारी आहे. डी हा एच्याही शेजारी नाही आणि बीच्याही नाही. ई हा डीच्या उजवीकडे दुसरा आहे. बी हा एच्या डावीकडे तिसरा आहे. सी हा बीच्या बरोबर समोर आहे.

मी शिस्तीचा माणूस. पहिलं वाक्य पहिल्यांदा. एला बसवलं आणि जी त्याच्या शेजारी नाही म्हणजे कुठे असेल हे बघितलं, तर जीला पाच जागा मोकळ्या होत्या. म्हणून विजेच्या बिलाच्या पाठीवर मी पाच गोल काढले. दुसरं वाक्य, एफ जीच्या शेजारी. म्हणजे प्रत्येक गोलात एफच्या दोन शक्यता. दहा गोल झाले. बिल संपलं. मग मालमत्ता कराची पावती घेतली.

तोवर डावी-उजवी बाजूही फिरली होती. कागदावर वर बसलेल्या माणसाचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो, हे मला तत्त्वतः मान्य आहे, पण हाताला ते पटत नव्हतं. शेवटी मी लॅपटॉप उचलून जेवणाच्या टेबलावर गेलो आणि प्रत्यक्ष मांडणी केली. चहाचा कप ए. मिठाची बरणी बी. लोणच्याची सी. चष्म्याचं घर डी. असे आठ जण मांडून मी टेबलाभोवती फिरत प्रत्येकाच्या जागी उभा राहून कुणाचा डावा हात कुणीकडे हे बघत होतो. ई आणि डी जुळत आले होते. तेवढ्यात सौभाग्यवती आल्या आणि बी घेऊन गेल्या.

"अगं, तो बी आहे!"

"आमटीत मीठ घालायचंय," असं म्हणून तिने बीला परत आणून ठेवलं, ते जीच्या जागेवर.

इथवर सहा मिनिटं गेली होती. शहाण्या माणसाने इथे उठावं. पण माझ्या आतून एक ओळखीचा आवाज आला, "आता एवढा वेळ घातलाच आहे, तर…" हा आवाज माझ्या पिढीला फार प्रिय आहे. याच आवाजाचं ऐकून आम्ही तीन तास लांबलेलं नाटक शेवटपर्यंत बघतो आणि चुकीच्या रांगेत उभे असल्याचं कळल्यावरही खिडकीपर्यंत जातो. गेलेली सहा मिनिटं आता कुणाच्याच बापाची नव्हती. उरलेली चौदा माझी होती आणि त्यात पस्तीस प्रश्न होते. पण माझा जीव गेलेल्या सहांत अडकला होता.

नवव्या मिनिटाला आठही जण बसले. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. त्या सेटचे चार प्रश्न सोडवले, पाचव्याचं उत्तर निवडलं आणि उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीतला पुढचा आकडा दाबला. नंतर कळलं की असं थेट आकड्यावर उडी मारली तर आधीचं उत्तर जमाच होत नाही. आधी `Save & Next` दाबावं लागतं. ही सूचना सुरुवातीलाच होती. सूचना मी सोडल्या होत्या. आयुष्यात सोडलेली तेवढी एकच गोष्ट.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. उरलेल्या अकरा मिनिटांत तीस प्रश्न होते. शेवटच्या मिनिटात मी सरांचं स्मरण करून दिसेल तिथे खुणा केल्या. मला ३५ पैकी ७.७५ गुण मिळाले. ते पाऊण बघून ही म्हणाली, "पाऊण कुठून आलं? दूध आणलंय का?"

ते पाऊण चुकीच्या उत्तरांमुळे आलं होतं. बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीला पाव गुण वजा. संगणकाला दया येत नाही.

मग कन्येने तोच सेट माझ्यासमोर सोडवला आणि मला पहिल्यांदा कळलं, की सोडवायला येणं आणि सोडायला येणं ही एकच विद्या आहे. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि ओलांडून गेली. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी ओलांडली. पाचव्यावर थांबली. "बी एच्या डावीकडे तिसरा. हे पक्कं वाक्य. दोन नावं आणि नेमकं अंतर." एला तिने टेबलाच्या सर्वांत खालच्या बाजूला बसवलं, कारण तिथे बसलेल्याची डावी बाजू आणि आपली डावी बाजू एकच असते. माझा टेबलाभोवतीचा सगळा प्रदक्षिणेचा कार्यक्रम या एका गोष्टीने वाचला असता. मग सहावं वाक्य, कारण त्यात बी पुन्हा येतो. बीसमोर सी, आणि ती जागा निघाली एच्या लगेच उजवीकडे. तीन माणसं पंधरा सेकंदांत बसली.

"आता डी. एच्या शेजारी नाही, बीच्या शेजारी नाही. म्हणजे उरल्या दोनच जागा. सीच्या पलीकडची किंवा तिच्या पुढची. ई डीच्या उजवीकडे दुसरा. पुढच्या जागेत डीला बसवला तर ई बीच्या मांडीवर येतो. म्हणजे डी सीच्या पलीकडे आणि ई बीच्या शेजारी. उरल्या तीन जागा. एफ आणि जी शेजारी शेजारी हवेत, ते ए आणि बीच्या मधल्या दोन जागांतच मावतात. जी एच्या शेजारी नको, म्हणून एफ एकडे, जी बीकडे. उरला एच, तो डी आणि ईच्या मध्ये."

माझं 'जी एच्या शेजारी नाही' हे पहिलं वाक्य तिला सगळ्यांत शेवटी लागलं. ती म्हणाली, "'नाही' असलेली वाक्यं शेवटी वापरायची असतात. सुरुवातीला ती फक्त गोल वाढवतात."

"आणि पक्कं वाक्यच नसेल तर?"

"तर सेट सोडायचा. सगळा मजकूर एकदा वाचायचा, वीस-पंचवीस सेकंद. एक नाव सामाईक असलेली दोन पक्की वाक्यं सापडली, तर आत शिरायचं. नाही सापडली, तर पुढे. आणि शिरल्यावर दीड मिनिटात निम्मी माणसं बसली नाहीत, किंवा दोनपेक्षा जास्त गोल काढावे लागले, तरी उठायचं."

"अर्धवट?"

"अर्धवट."

हा शब्द तिने इतक्या सहज उच्चारला की मला घरात पाहुणे असते तर संकोच वाटला असता. मी म्हटलं, "पण त्या सेटचे पाच गुण जातात!"

यावर तिने वही ओढली. तिच्या सरावात साधारण पंधरा प्रश्न सुटे निघत. चिन्हांची असमानता, विधानं आणि निष्कर्ष, दिशा, नातं, असे. ते वीस-वीस सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांत होतात. उरतात पंधरा मिनिटं आणि पाच-पाच प्रश्नांचे चार सेट. एका सेटला पावणेचार मिनिटं. तिला एक बरा सेट नीट सोडवायला चार-साडेचार लागतात, अवघडाला सहाच्या वर. म्हणजे चार सेट काही केल्या बसत नाहीत, तीन बसतात.

"पाच तर सोडायचेच आहेत, बाबा. कुठले पाच, एवढंच आपल्या हातात आहे. तुम्ही काय करता, समोर आलेला पहिलाच सेट धरून बसता. मग सुटतात ते शेवटचे पंधरा, आणि त्यात पाच-सहा अगदी सोपे असतात. त्यांचं तोंडसुद्धा तुम्ही बघितलेलं नसतं."

हे मला लागलं. सोपे प्रश्न बिचारे रांगेत शेवटी उभे होते आणि मी मिठाच्या बरणीशी भांडत होतो.

त्या दिवसापासून मी तिच्या सरावाकडे लांबून पण बारकाईने बघू लागलो आणि एक गंमत लक्षात आली. जे अजिबात येत नाही, ते सोडायला तिला पाच सेकंद पुरत. घात करत ते प्रश्न, जे जवळजवळ येतात. गणितात एकदा मालिका आली: ७, ८, १८, ५७, २३२, पुढे काय? मी मागून बघत होतो. मला वाटलं, हे आपल्याला येतं. वजाबाक्या केल्या तर १, १०, ३९, १७५. मला वाटलं आता काहीतरी दिसेलच. हे 'आता दिसेलच' किती चालतं याला मर्यादा नाही. वर्गमूळं, घनमूळं, मूळ संख्या, सगळं बघून झालं, तोवर तिचे पुढचे पाच प्रश्न झाले होते आणि ही मालिकाही सुटली होती.

"फरकात काही दिसलं नाही की गुणाकार बघायचा. २३२ हे ५७ च्या चौपटीच्या आसपास, ५७ हे १८ च्या तिपटीच्या. एकने गुणून एक मिळवा, दोनने गुणून दोन, तीनने गुणून तीन, चारने गुणून चार. पुढे पाच. अकराशे पासष्ट. या दोन रीती बघायच्या. दोन्हींत नाही दिसलं तर निघायचं, तिसरी सुचायची वाट बघत बसायचं नाही."

"सुचली असती मला."

"सुचली असती. आंघोळ करताना."

संगणकाच्या पडद्यावर `Mark for Review & Next` असं एक बटण असतं. प्रश्न सोडायचाही नाही आणि सोडवायचाही नाही, त्यावर जांभळी खूण करून पुढे जायचं, परत येऊ म्हणून. आमच्या कचेरीत फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारतात, त्याचंच हे धाकटं भावंड. मी दुसऱ्यांदा सराव परीक्षा दिली तेव्हा हे बटण मला फारच आवडलं. शेवटी माझा पडदा जांभूळवनासारखा दिसत होता. परत जायला मात्र चाळीस सेकंद उरले होते, आणि नुसत्या जांभळ्या खुणेला गुण नसतात. उत्तर निवडून मग जांभळी खूण केली तर ते उत्तर धरतात, पण तेवढी चर्चा माझ्या फायलीत झाली नव्हती. कन्येचा नियम कडक होता. जांभळे जास्तीत जास्त तीन-चार, आणि तेही फक्त असे, ज्यांचा रस्ता दिसलाय पण आकडेमोड राहिली आहे. बाकीच्यांना खूणसुद्धा नाही. खूण केली की मन मागे रेंगाळतं.

उरला प्रश्न ठोकाठोकीचा. सरांचं 'कोरं ठेवू नका' मला अजून सोडवत नव्हतं. तिने तोही हिशेब मांडला. पाच पर्याय आहेत. वीस प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीने चार बरोबर येणार, सोळा चुकणार. चार गुण मिळाले. सोळा पाव म्हणजे चार गेले. हाती शून्य.

"म्हणजे तोटा तर नाही ना?" मी हर्षाने विचारलं.

"फायदाही नाही. आणि वीस ठोकायला एक मिनिट गेलं, त्यात दोन खरे प्रश्न सुटले असते. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळत असेल, तर ठोका. बारा वेळा तसं केलं तर चार बरोबर, आठ चूक. चार मिळाले, दोन गेले, दोन उरले."

"दोन गुणांसाठी बारा वेळा?"

"कटऑफ पाव गुणाने हुकतो, बाबा."

एव्हाना या विद्येचा घरात संसर्ग झाला होता. आत्याचा फोन आला की पहिल्या दीड मिनिटात मुद्दा निघतो का बघून फोन माझ्याकडे देण्यात येऊ लागला. आत्याच्या बोलण्यात पक्कं वाक्य कधीच नसतं. गवारीच्या शेंगा मोडताना न तुटणारी शेंग बाजूला टाकली जाई, आणि ती बाजूची वाटी शेवटी माझ्या पुढ्यात येई. घरात सोडलेलं सगळं सोडवायचं काम आपोआपच माझ्याकडे आलं. मीही ते चिवटपणे करत होतो.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आम्ही सगळे बाप उभे होतो. आत घड्याळ नेऊ देत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाच्या मनगटावर आपलं आणि खिशात मुलाचं, अशी दोन दोन घड्याळं होती आणि वेळ मात्र कुणाचाच जात नव्हता. मुलं बाहेर आली. शेजारच्या गृहस्थांचा मुलगा हसत आला.

"सगळे केलेस?"

"तर्कक्षमता पस्तीसच्या पस्तीस!"

गृहस्थांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं आणि लेकीला विचारलं, "तुझे किती?"

"नऊ सोडले, काका. एक सेट आणि चार सुटे."

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली. ती बाटली मात्र तिने सोडली नाही.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी दाराजवळ उभा होतो. तिची वाट बघताना वेळ घालवायला म्हणून तिच्या पिशवीतलं सरावाचं पुस्तक मी काढलं होतं. त्यात एक सेट होता. आठ जण गोल टेबलाभोवती, चौघांची तोंडं आत, चौघांची बाहेर, आणि पक्कं वाक्य एकही नाही. तिने त्यावर पेन्सिलीने मोठी फुली मारली होती. पण मी तीन तासांत सहा जणांना बसवलं होतं, दोनच उरले होते, आणि आता एवढा वेळ घातलाच होता. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातातल्या तिकिटाच्या पाठीवर मी नववा गोल काढत असताना कंडक्टर आला.

"काका, कुठं उतरायचंय?"

"एक मिनिट. हा एफ आणि हा एच, दोघांपैकी एकाचं तोंड बाहेर आहे…"

त्याने वाकून तिकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बसू दे की त्यांना कुठंबी. तुम्ही आधी दारातून आत सरका."